तीन फेऱ्या, मग पुढचं घर

आमच्या विषयात एक नियम आहे, आणि तो मी अकरा वर्षं घसा खरवडून शिकवला. घरोघर फिरून पाहणी करताना यादीतलं एखादं घर बंद असेल, तर वेगवेगळ्या दिवशी तीन फेऱ्या मारायच्या. तिसऱ्यांदाही कुलूपच दिसलं तर फॉर्मवर ‘घर बंद’ असं लिहायचं आणि शेजारचं पुढचं घर घ्यायचं. विद्यार्थी हे सगळं झोपेत ऐकायचे. सामाजिक वैद्यकशास्त्र म्हणजे त्यांच्या दृष्टीने डॉक्टरकीतली धुणीभांडी. गटारं, गोवर आणि टक्केवारी. शल्यचिकित्सेचे प्राध्यापक वर्गात शिरले की पोरं उठून उभी राहत. मी शिरले की मागच्या बाकावरची उठून बाहेर जात.

मला त्याचा राग यायचा. राग मला तसा कशाचाही येतो. लग्न होऊन पुण्याहून दिल्लीला आले तेव्हा सासूबाईंनी नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं की हिच्याशी जपून वाग, हिचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर असतो. नवरा केंद्र सरकारात, आम्ही लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये, आणि मी शहरातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात व्याख्याती. घरात मराठी, जिन्यात हिंदी, ऑफिसात इंग्रजी. मुलगी तर वरणाला ‘दाल’ म्हणायला लागली होती, आणि त्यावरूनही मी चिडत असे.

ते दिवस सगळीकडे नवं काहीतरी उगवण्याचे होते. नवरा दर महिन्याला पेपरातून नव्या मोटारींची नावं वाचून दाखवायचा. धाकटा दीर पुण्यातली नोकरी सोडून गुडगावला एका संगणक कंपनीत लागला होता आणि सातव्या मजल्यावरून आम्हाला शेतं दाखवायचा, जी पुढच्या वर्षी दिसणार नव्हती. मला मात्र हे नवं युग कळलं ते उलट्या बाजूने, म्हणजे कचऱ्यातून. शहराच्या पूर्वेला जो कचऱ्याचा डोंगर होता, ज्याला तिथे सगळे ‘खत्ता’ म्हणत, त्याचा रंग माझ्या डोळ्यांदेखत बदलला. पूर्वी तो राखाडी, ओला असा असायचा. नंतर त्यावर थर्माकोलची पांढरी खपली धरू लागली, शांपूच्या पुड्या चमकू लागल्या. लोकांकडे नवे फ्रिज आले की त्यांची खोकी आमच्याकडे येत. ‘आमच्याकडे’ म्हणते मी, कारण खत्त्याच्या पायथ्याच्या वस्तीत आमच्या विभागाचं काम चाले.

दर बुधवारी एक फिरता दवाखाना तिथे येई. पालिकेची एक जुनी गाडी, तिच्यात मी किंवा माझा एखादा कनिष्ठ डॉक्टर, एक कंपाउंडर, आणि आमची आरोग्यसेविका. ती गढवालची, पन्नाशीची, वस्तीतल्या प्रत्येक बाळाचं वजन तिला तोंडपाठ. गाडीत गोळ्या, मलमं, आणि इन्व्हर्टरवर चालणारं एक नेब्युलायझर, म्हणजे दम लागलेल्याच्या नाकातोंडावर औषधाची वाफ धरणारं यंत्र. त्या यंत्रासाठी रांग लागायची. डोंगराच्या पोटात कचरा कुजून वायू होतो आणि तो आतल्या आत धुमसतो. वरून पाणी मारलं तरी आग आत सरकते, विझत नाही. वारा पडला की तो धूर वस्तीवर येऊन बसायचा. खाली काळं पाणी झिरपून हातपंपाला यायचं. मुलांच्या अंगावर फोड, पोटं बिघडलेली, वेचताना टोचलेल्या सुयांच्या जखमा, आणि खोकला. खोकला इतका की गाडीत बसून तपासताना मला कधी कधी नळी कुणाच्या छातीला लावली आहे ते बघावं लागे.

त्या रांगेत एक मुलगी होती, आठ वर्षांची. आई-बाप दोघं कचरा वेचणारे, बिहारकडून आलेले. मुलीला दमा होता, चांगलाच जोराचा. मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती गाडीच्या पायरीवर दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून बसली होती आणि गळ्याखालचा खळगा प्रत्येक श्वासाला आत जात होता. वाफ दिल्यावर अर्ध्या तासाने तिने मला विचारलं, गाडीचा हॉर्न वाजवू का. मी नाही म्हटलं. तिने तरीही वाजवला.

मला ती आवडली, हे सांगून टाकते. डॉक्टरांनी असं करू नये म्हणतात. मी तिच्या आईला एक फुंकर मारायचं मीटर दिलं. प्लास्टिकची नळी, तिच्यात जोराने फुंकलं की काटा सरकतो. तीनदा फुंकायचं आणि सगळ्यांत चांगला आकडा धरायचा. आईला आकडे वाचता येत नव्हते, म्हणून मी माझ्या नेलपॉलिशने त्यावर दोन रेघा मारल्या. वरच्या रेघेच्या पुढे काटा गेला तर खेळू दे, दोन रेघांच्या मध्ये असेल तर तोंडात मारायचा दम्याचा पंप दे, खालच्या रेघेच्याही खाली असेल तर थांबायचं नाही, सरळ मोठं हॉस्पिटल गाठायचं. पंपाचं औषध नीट आत जावं म्हणून शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीला बुडाशी भोक पाडून त्यात पंप बसवायचा, हेही शिकवलं. बाटली आणायला कुठे जावं लागणार नव्हतं. पंप संपला की बुधवारी गाडीतून नवा. ही मुलगी त्या गाडीवर जगत होती, यात अतिशयोक्ती नाही.

“मैडम, इस हफ्ते दो ही बार नीचे गया,” आई दर बुधवारी काट्याचा हिशोब देई. मुलगी मागून बोटं तीन दाखवी.

आणि मग गाडी काढून घ्यायची वेळ आली. पालिकेच्या आरोग्य खात्याचं काम पाहणारे एक अधिकारी आमच्याच कॉलनीत, दोन ब्लॉक सोडून राहत. मूळचे साताऱ्याकडचे, नवऱ्याचे मित्र. महिन्यातून एखाद्या रविवारी आम्ही दोन्ही कुटुंबं कोपर्निकस मार्गावरच्या महाराष्ट्र सरकारच्या गेस्ट हाउसमध्ये जेवायला जायचो, कारण दिल्लीत त्यातल्या त्यात बरी आमटी तिथे मिळे. तिथेच त्यांनी विषय काढला. शहराच्या दुसऱ्या टोकाला झोपड्या हलवून एक नवी वसाहत वसवली होती, तिथे दवाखाना नव्हता, आणि गाडी एकच होती.

“वहिनी, मला कमिटीला काहीतरी दाखवायला लागेल ना,” ते म्हणाले. “सगळेच म्हणतात आमच्याकडे खोकला आहे. खत्त्यापाशी तो जास्त आहे, हे कागदावर आणा. गाडी मी हलू देत नाही.”

“आणते की,” मी म्हटलं. “त्यात काय आहे?”

अगदी असं म्हटलं. आमटीचा भुरका मारून.

आता यात अवघड काय होतं तेही सांगायला हवं. एका मुलीचा दमा खत्त्यामुळे झाला असं कुठलाच प्रामाणिक डॉक्टर सांगू शकत नाही. दमा कुठेही होतो. चूल पेटते, बाप बिडी ओढतो, दिल्लीची हवा तर सगळ्यांचीच. म्हणून दोन वस्त्या घ्यायच्या: एक खत्त्याजवळची, दुसरी तितकीच गरीब, तशाच चुलींची, पण खत्त्यापासून लांब. दोन्हीकडे सारखेच प्रश्न, सारखीच मोजमापं. पंधरा दिवसांत खोकला आला का, वर्षात छातीत शिट्टी वाजली का, उंची किती, फुंकर किती. जो फरक उरेल त्यातला बराचसा खत्त्याच्या खात्यावर टाकता येतो. मी यादी केली, दारांवर गेरूने नंबर घातले, दर पाचवं घर निवडलं. आमची मुलं, म्हणजे इंटर्नशिप करणारे डॉक्टर, सकाळी दहाला कॉलेजच्या बसने जात आणि एकला जेवायला परत येत. बंद घर असलं की तीन फेऱ्या, मग पुढचं घर. सगळं नियमाने.

त्या मुलीचं घर यादीत आलं होतं. मला बरंही वाटलं. संध्याकाळी फॉर्म तपासताना तिच्या घराच्या नंबरापुढे ‘घर बंद, तीन फेऱ्या’ असं लिहिलेलं दिसलं. खाली पुढच्या घराचा फॉर्म जोडलेला होता, तिथला मुलगा धडधाकट, फुंकर उत्तम. मी दोन्हीवर सही केली. त्या क्षणी मनात काय आलं ते मला चांगलं आठवतं: की नियम म्हणजे नियम, आवडत्या पोरीसाठी तो वाकवायचा नाही. स्वतःचं कौतुक वाटलं मला.

निकाल आला तो असा की दोन वस्त्यांत सांगण्यासारखा फरकच नव्हता. खत्त्याजवळची मुलं जवळजवळ तितक्याच जोराने फुंकत होती. मी गणित दोनदा केलं. विभागप्रमुख म्हणाले, आलं ते आलं, विज्ञानात आवडनिवड नसते. मीही हेच शिकवत आले होते. अहवाल छापला, वर माझं नाव. कमिटीत अधिकाऱ्यांनी तो वाचून दाखवला आणि माझ्याकडे पाहिलं नाही. पुढच्या महिन्यापासून गाडी नव्या वसाहतीला जाऊ लागली, आणि तिथेही तिची गरज होतीच, हे कुणी नाकारत नव्हतं.

घरी आले आणि सगळ्यांवर खेकसत राहिले. नवऱ्याने विचारलं, “यार, तुझाच रिपोर्ट ना? मग कोणावर चिडतेस?” अकरा वर्षं त्या वस्तीत खोकला ऐकला होता. एक तर माझे कान खोटे होते किंवा माझा कागद.

फॉर्म कपाटातून पुन्हा काढले. मोजमापांकडे मी आधीच खूपदा पाहिलं होतं, म्हणून या वेळी वरचे रकाने वाचायला घेतले, जे कुणी वाचत नाही. नाव, नाते, बापाचा धंदा. दुकानदार. डेरीवाला. ड्रायव्हर. दुकानदार. घरमालक, म्हणजे झोपड्या भाड्याने देणारा. मी पानं उलटत गेले आणि धंदे मोजत गेले. कचरा वेचणाऱ्यांची वस्ती, आणि माझ्या फॉर्मांत कचरा वेचणारे बोटांवर मोजण्याइतके. ते गेले कुठे, तर ‘घर बंद’मध्ये. वेचणारी माणसं उजाडताच डोंगरावर चढतात आणि दुपार कलल्यावर उतरतात, मुलंही बरोबर. दहा ते एक या वेळात तीन फेऱ्या मारल्या काय आणि तेरा मारल्या काय, कुलूपच. त्यांच्याऐवजी आम्ही घेतलं ‘पुढचं घर’, जे त्या वेळी उघडं असतं ते, म्हणजे रस्त्याकडेचं, दुकानाचं. बाकीची कुलपं तर आणखी वाईट, हे पुढे चौकशी केल्यावर कळलं. पोर आजारी म्हणून कुणी हॉस्पिटलात बसलेलं, कुणी पोराला गावी पाठवायला गेलेलं. आणि लांबच्या वस्तीत बायका घरी बसून बिंदीची पाकिटं भरत, तिथे दारं दिवसभर उघडी. तिथली सगळी आजारी मुलं मला सापडली. इथली सगळी मी गाळली. चाळणीने गाळून घ्यावीत तशी, नियमाने.

मी सेविकेला घेऊन दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी पाचला गेले. अकरा वर्षांत मी या वेळी इथे कधी आले नव्हते. बस एकला परतते ना. गल्ल्या माणसांनी भरलेल्या. ज्या दारांवर मी कुलपं लिहिली होती ती सताड उघडी, दारांत पोती रिकामी होत होती आणि प्रत्येक दारात कुणीतरी खोकत होतं. सेविका एकेक दार दाखवत होती. “यह बंद लिखा था, मैडम. यह भी. यह भी.” एकदा मी तिला विचारलं की तुला माहीत होतं तर बोलली का नाहीस. ती म्हणाली, “फॉर्म में मुझसे तो पूछने का था नहीं.”

मुलगी घरात होती, खाटेवर, भिंतीला टेकून. आमच्या पाहणीच्या पंधरवड्यात दोनदा हॉस्पिटलात जाऊन आली होती. त्यातली एक वेळ म्हणजे आमची तिसरी फेरी. पंप रिकामा होता. रिकामा पंप ती बाटलीत घालून ओढत होती, कारण थोडी तरी चव येते म्हणाली. मी पर्समधले दोन पंप दिले. काटा दोन रेघांच्या मध्ये, खालच्या रेघेला चिकटून. आईने विचारलं, गाडी येणार का परत.

“अगले बुधवार,” मी म्हटलं. “पक्का.”

थेट अधिकाऱ्यांच्या घरी गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा गार होऊ दिला. मला वाटलं होतं ते टाळाटाळ करतील. तसं काही झालं नाही.

“वहिनी, फार सोपं आहे,” ते म्हणाले. “कमिटीने गाडी तुमच्या रिपोर्टवर हलवली. तो रिपोर्ट चुकीचा आहे, मागे घेते, असं दोन ओळींत लिहून द्या. उद्या दिलंत तर बुधवारी गाडी तिथे उभी करतो. नव्या वसाहतीचं मी दुसरं बघतो.”

“देते उद्या,” मी म्हटलं.

इथून पुढचं लिहायला मला बरीच वर्षं लागली. दुसऱ्या दिवशी मी लिहायला बसले आणि ‘चुकीचा’ हा शब्द लिहिता येईना. विभागप्रमुख म्हणाले, असा शब्द वापरू नका, विभागाचं नाव जातं, पुढचे प्रकल्प जातात, ‘मर्यादा’ म्हणा. मला ते पटलं. पटवून घ्यायला मी तयारच होते. ज्या बाईने वर्गात विद्यार्थ्यांच्या वह्या भिरकावल्या, तिने कबूल करायचं की तिला पाहणी कोणत्या वेळी करावी हे कळलं नाही? मग मी मर्यादांवर चार पानं लिहिली. निवडीतला कल, अनुपस्थितांचे स्वरूप, पुढील अभ्यासाची आवश्यकता. तीनदा खोडून परत टाइप केली. शनिवारी पाठवली. सोमवारी ती पालिकेतून परत आली, वर कुणा कारकुनाच्या अक्षरात शेरा: अहवाल कायम आहे की नाही, स्पष्ट करावे. त्या दिवशी अधिकारी दौऱ्यावर होते. मंगळवारी मी पुन्हा लिहायला बसले आणि ‘अंशतः फेरविचार’ असा एक शब्द शोधून काढला. कारकून मूर्ख आहे, असं नवऱ्याला सांगितल्याचंही आठवतं.

बुधवार उजाडला तेव्हा कागद माझ्या टेबलावर होता. मी मनाशी म्हटलं, एक आठवडा इकडे तिकडे, पंप तर दिले आहेत.

त्या बुधवारी खत्ता पेटलेला होता. वारा नव्हता. गुरुवारी सेविका विभागात आली, खुर्चीवर बसली नाही, उभ्यानेच सांगितलं की मुलगी गेली.

मी त्या दुपारी दोन ओळी लिहिल्या. हाताने, टाइप करायला न देता. अहवाल चुकीचा आहे. मी तो मागे घेत आहे. स्वतः नेऊन अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी वाचून माझ्याकडे पाहिलं आणि माझ्यासमोर सही करून गाडीचा हुकूम काढला. इतका वेळ लागतो त्याला. घड्याळ मी पाहिलं नाही, पण त्यांच्या शिपायाने आणलेलं पाणी पिऊन होईपर्यंत काम झालं होतं.

पुढे अधिकारी आणि मी, आम्ही दोघांनी मिळून तिथली सगळी पद्धत बदलली, आणि ती बऱ्यापैकी चालली, हे सांगायला मला संकोच वाटतो. घरांऐवजी मुलांची यादी केली, नावानिशी, म्हणजे मूल हललं तरी यादीतून पडत नाही. फेऱ्या संध्याकाळी. कुलूप दिसलं की तेच पहिलं काम: कुठे गेले, कशासाठी, शेजाऱ्याला विचारून लिहायचं, आणि पुढचं घर घ्यायचं नाही. जवळच्या दोन हॉस्पिटलांच्या तातडीच्या विभागात रजिस्टरला एक रकाना वाढवला, खत्त्याच्या वस्तीतून आलात का, कारण रेशनकार्डावरचा पत्ता भलताच असे. धुराचे दिवस वेगळ्या वहीत मांडले आणि त्या दिवसांच्या आजाऱ्यांशी ताडून पाहिले. हातपंपांचं पाणी दर हंगामात तपासायला पाठवलं. आणि प्रत्येक मृत्यूमागे घरी जाऊन चौकशी करायची ठरली. घरच्यांना क्रमाने प्रश्न विचारून आजार कसा सुरू झाला, कसा वाढला, कुठे अडलं, हे लिहून काढायचं. असा फॉर्म आमच्या विषयात असतोच. आम्ही इथे तो कधी वापरला नव्हता इतकंच. पहिला फॉर्म कुणाचा भरायचा हे ठरवावं लागलं नाही. मी सेविकेला म्हटलं, मी स्वतः विचारेन. ती म्हणाली, मत जाइए. मी गेले.

दुपार होती. आई त्या दिवशी उशिरा डोंगरावर जाणार होती, मुद्दाम आमच्यासाठी थांबली होती. तिने खाट रिकामी करून आम्हाला बसायला दिली आणि स्वतः जमिनीवर बसली. मी फॉर्म मांडीवर घेतला. दम किती दिवस होता. बोलताना वाक्य पुरं होत होतं का. ओठ निळे झाले का. तिने सगळ्याची उत्तरं दिली, डॉक्टरांना देतात तशी, नीट आठवून. आदल्या दिवशी काटा मध्ये होता. बुधवारी सकाळी खाली गेला, पार खाली. पंप दिला, बाटलीतून, मोजून दिला, परत दिला. उतरलं नाही.

“मग लगेच हॉस्पिटलात नेलं?” मी हिंदीत विचारलं.

“नहीं. रोड पे ले गए.”

“रोडवर?”

“बुधवार था ना. गाड़ी आनेवाली थी. आपने पक्का बोला था.” तिच्या आवाजात काही नव्हतं. ती मला माहिती देत होती. “हॉस्पिटल के लिए दो बस बदलनी पड़ती. हमने सोचा गाड़ी में मशीन है, जल्दी होगा. गोद में लेके खड़े रहे. फिर इसका बाप ऑटो लाया.”

“किती वेळ उभे होतात?”

ती विचारात पडली. घड्याळ तिच्याकडे नव्हतं. मग म्हणाली, शाळेची पहिली घंटा झाली तेव्हा गेलो, आणि मुलं खाऊ खायला बाहेर आली तेव्हा ऑटो आला. ऑटोत मुलगी आधी बोलत होती, मग नव्हती.

फॉर्मवर पुढचा प्रश्न होता: उपचाराला नेण्यास उशीर होण्याचे कारण. त्याखाली चौकोन होते. आजार गंभीर वाटला नाही. वाहन मिळाले नाही. घरी कोणी नव्हते. इतर. मी ‘इतर’पुढे पेन टेकवलं आणि ते तसंच राहिलं.

“मैडम,” ती म्हणाली, “गाड़ी आई क्यों नहीं?”

सेविका माझ्याकडे बघत होती. सांगण्यासारखं बरंच होतं, आणि सगळं खरं होतं. कारकुनाचा शेरा, विभागप्रमुख, अधिकाऱ्यांचा दौरा. मी म्हटलं, “मेरी वजह से नहीं आई. मुझे लिखकर देना था कि मेरा काम गलत था. मैंने टाइम पे नहीं दिया.”

तिने शिव्या द्याव्यात असं मला फार वाटत होतं. तिने पदराने कपाळ पुसलं आणि काहीतरी समजून घ्यायचा प्रयत्न करत राहिली.

“बहुत लिखना था?” तिने विचारलं.

“नहीं,” मी म्हटलं. “दो लाइन.”

तिने मान हलवली, सावकाश, दोनदा. मग माझ्या मांडीवरच्या कागदाकडे बोट करून म्हणाली की आणखी काय विचारायचं आहे ते विचारा, तिला वर जायला उशीर होतोय.